पाडवा पुढे सरकला, पॉलिसी नाही : विमा, गाडीची कागदपत्रे आणि वॉरंटी यांच्या तारखा वेळेआधी लक्षात कशा येतील?

अनिरुद्ध_सातारा | 11 जानेवारी 2026, सकाळी 10:40

नमस्कार मंडळी. गेल्या दोन वर्षांत घरातील सगळ्या मुदतींची एक नोंद ठेवायला लागलो आहे. ती का ठेवावी लागली आणि तिच्यात अजून काय अडते, हे येथे सविस्तर लिहितो. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

आम्ही 22 मार्च 2023 रोजी, गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर गाडी घेतली. शोरूममध्ये विम्याचा कागद हाती दिला तेव्हा तेथील मुलाने सांगितले की, "काका, तीन वर्षांचा विमा आहे, आता काळजी नाही." ते वाक्य माझ्या डोक्यात पक्के बसले. शिवाय वर्षाने काही करायचे असलेच तर पाडव्याला आठवेल, असेही मनाशी धरले होते. पुढच्या वर्षी पाडवा आला 9 एप्रिलला, आणि ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा 21 मार्च 2024 च्या मध्यरात्रीच संपलेला होता. तीन वर्षांचा होता तो फक्त थर्ड पार्टीचा भाग. एकाच कागदावर दोन तारखा होत्या आणि मी त्यांतील मोठी तेवढी वाचली होती.

30 मार्चला, शनिवारी, सोसायटीच्या फाटकातून गाडी बाहेर काढताना डावी बाजू खांबाला घासली. बंपर, हेडलाइट आणि फेंडर तिन्ही गेले. गॅरेजमध्ये पॉलिसी दाखवली, तर तेथील बाईंनी शांतपणे सांगितले की, "तुमचा स्वतःच्या नुकसानीचा विमा नऊ दिवसांपूर्वी संपला आहे." 31,600 रुपये खिशातून भरले. कंपनीने आठवण का केली नाही म्हणून चिडून कागद पुन्हा उघडला, तेव्हा कळले की त्यावर मोबाइल क्रमांक माझा नव्हताच, तो शोरूमचा होता. ईमेल माझा होता. आठवणीची तीन पत्रे आलीही होती आणि ती जाहिरातींच्या कप्प्यात न उघडता पडून होती.

तेव्हापासून मी एक साधी शीट ठेवतो. एका ओळीत एक वस्तू न लिहिता एक मुदत लिहितो, त्यामुळे गाडीच्या चार ओळी होतात : ओन डॅमेज, थर्ड पार्टी, पीयूसी आणि वाढीव वॉरंटी. प्रत्येक ओळीत कागदावरची शेवटची तारीख, किती दिवस आधी काम सुरू करायचे ते दिवस, काम कोणाचे, आणि शेवटी नव्या कागदाचा दुवा. तो दुवा भरल्याशिवाय काम झाले असे मी मानत नाही. सूत्र एवढेच आहे :

```
=IF(F2<>"","झाले",IF(TODAY()>=C2-D2,"काम सुरू करा",""))
```

C मध्ये शेवटची तारीख, D मध्ये दिवस, F मध्ये नव्या कागदाचा दुवा.

अडचण अशी की शीट आपणहून हाक मारत नाही. ती उघडायलाच विसरलो तर सगळे व्यर्थ. म्हणून मी फोनमध्ये सूचना लावतो आणि ऑफिसात असताना ती बोटाने बाजूला सारतो. आपण सारे ही सूचना नजरेत भरावी म्हणून काय करता?

---

तन्मय07 | 11 जानेवारी, सकाळी 11:15

अनिरुद्धजी, एवढी खटपट करण्याची गरज नाही. कॅलेंडरमध्ये दर वर्षी आपोआप येणारी नोंद एकदा करून ठेवली की आयुष्यभराचे काम झाले. गाडीची मुदत तर परिवहनच्या अ‍ॅपमध्ये गाडीचा क्रमांक टाकला की दिसते. आरोग्य विम्याला मी ऑटोपे लावले आहे. रक्कम आपोआप जाते, त्यामुळे मला कधी तारीख पाठ ठेवावी लागत नाही.

---

कुमुदिनी | 11 जानेवारी, दुपारी 12:05

अनिरुद्ध, मी तुमच्यापेक्षा बरीच मोठी आहे, त्यामुळे माझी पद्धत जुनी वाटेल. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी भिंतीवर कालनिर्णय असते. त्याच्यावर दुधाचा खाडा, गॅसची टाकी लावल्याची तारीख आणि कामवाल्या बाईंच्या सुट्ट्या लिहिलेल्या असतात, त्यामुळे दिवसातून दहा वेळा तरी तिकडे नजर जाते. विम्याची तारीख मी ज्या महिन्यात संपते त्या महिन्याच्या पानावर लिहीत नाही, आदल्या महिन्याच्या पानावर लिहिते. मार्चमधले काम असेल तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लाल शाईने "ह्यांच्या स्कूटरचा विमा, 14 मार्चला संपतो" असे पूर्ण वाक्य. नुसते "विमा" लिहिले की आठ महिन्यांनी कोणता विमा तेच आठवत नाही.

डिसेंबरमध्ये नवे कालनिर्णय आले की एका दुपारी जुने शेजारी ठेवून एकेक पान उतरवून काढते. त्या वेळी कपाटातली फाइलही समोर घेते, कारण जुन्या पानावरची तारीख पाहून उतरवले तर मागच्या वर्षीची चूक पुढे चालत राहते.

काम झाले की खोडत नाही, त्याच्यावर गोल करते आणि पावती फाइलला लागली की गोलात बरोबरची खूण. दोन्ही वेगळे आहेत, हे मी एकदा पैसे भरूनही पॉलिसी न आल्यामुळे शिकले.

---

प्रभाकर_नाशिक | 11 जानेवारी, दुपारी 3:30

मी बावीस वर्षे विम्याचे काम करतो आहे. धागा वाचून बरे वाटले, कारण अनिरुद्धरावांनी सांगितलेली दोन तारखांची गफलत मला दर महिन्यात एकदा तरी भेटते.

1 सप्टेंबर 2018 पासून नव्या खासगी कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो. ओन डॅमेज मात्र बहुतेक जण एकाच वर्षाचा घेतात. दुचाकीत ही चूक जास्त दिसते, कारण पाच वर्षांचा कागद समोर असल्यावर माणूस पहिल्या वर्षानंतर तो उघडून पाहत नाही. गाडी चोरीला गेल्यावरच कळते की चोरीचा विमा ओन डॅमेजमध्ये होता आणि तो चार वर्षांपूर्वी संपला आहे.

तन्मय, तुमच्या मुद्द्यांतले अर्धे बरोबर आहे. अ‍ॅपमध्ये विम्याची एकच तारीख दिसते. ती पुष्कळदा थर्ड पार्टीची असते, त्यामुळे पोलिसांना दाखवायला तिचा उपयोग होतो, पण ओन डॅमेज चालू आहे की नाही याचा भरवसा त्या तारखेवर ठेवू नये. आणि दर वर्षी आपोआप येणारी नोंद विम्यासाठी धोक्याची आहे. का, ते अनिरुद्धरावांच्याच गाडीवरून सांगतो. अनिरुद्धराव, आपण पुढे पॉलिसी केव्हा घेतली, ते सांगाल का?

---

अनिरुद्ध_सातारा | 11 जानेवारी, दुपारी 4:10

प्रभाकरराव, गॅरेजमधून गाडी आल्यावर कंपनीने फोनवरून चारही बाजूंचे चित्रीकरण मागवले. ते मान्य झाल्यावर 12 एप्रिल 2024 पासून ओन डॅमेज सुरू झाला. पुढच्या वर्षी वेळेत नूतनीकरण केले, त्यामुळे सध्याचा 11 एप्रिल 2026 पर्यंत आहे. नो क्लेम बोनस 20 टक्के मिळाला, तो बुडेल अशी भीती वाटत होती.

---

प्रभाकर_नाशिक | 11 जानेवारी, दुपारी 4:45

बोनस वाचला, कारण तुम्ही 90 दिवसांच्या आत होता. 21 मार्चपासून मोजले तर 19 जून 2024 पर्यंत मुदत होती. त्यानंतर घेतला असता तर बोनस शून्यावर आला असता. पण हे 90 दिवस फक्त बोनसचे आहेत. त्या काळात विम्याचे संरक्षण नसते, हे लोक विसरतात. मोटार विम्यात सवलतीचे दिवस असे काही नाहीत. रात्रीचे बारा वाजले की संपले.

आता तारखा पाहा. तुमचा ओन डॅमेज 11 एप्रिल 2026 ला संपतो आणि थर्ड पार्टी 21 मार्च 2026 ला. तुम्ही गेली दोन वर्षे एप्रिलमध्ये पैसे भरत आला आहात, म्हणून मनात एप्रिल बसला असणार. यंदा थर्ड पार्टी तीन आठवडे आधी संपते आहे, आणि कायद्याने सक्तीचा विमा तोच आहे. 22 मार्च ते 11 एप्रिल या काळात गाडी रस्त्यावर आणलीत तर पहिल्या गुन्ह्याला 2,000 रुपये दंड, आणि कैदेचीही तरतूद कायद्यात आहे. दंड ही त्यातली लहान गोष्ट. त्या एकवीस दिवसांत कोणाला इजा झाली तर भरपाई तुमच्या घरादारावर येते.

पहिली नोंद 21 मार्चची दर वर्षी येणारी केली असती, तर ती 2025 मध्ये खोटी ठरली असती आणि तुम्ही ती दुर्लक्षून पुसली असती. एकदा खोटी ठरलेली सूचना माणूस पुन्हा मनावर घेत नाही. म्हणून माझा नियम असा की नवा कागद हातात आल्यावर, त्यावरची तारीख वाचून, त्याच बैठकीत पुढच्या वर्षाची एकच नोंद करायची आणि जुनी संपवायची.

---

अनिरुद्ध_सातारा | 11 जानेवारी, सायंकाळी 5:20

प्रभाकरराव, मनापासून आभार. शीटमध्ये दोन्ही ओळी आहेत, पण थर्ड पार्टीच्या ओळीत दिवसांचा रकाना रिकामा होता. "2026, अजून खूप वेळ आहे" म्हणून 2024 मध्ये तो भरायचा राहून गेला. सूत्राने रिकाम्याला शून्य धरले असते आणि शीट 21 मार्चलाच, म्हणजे शेवटच्या दिवशी बोलली असती. आत्ता तेथे 30 लिहिले.

---

दत्ता_कोल्हापूर | 11 जानेवारी, रात्री 8:15

माझा प्रश्न नंबर प्लेटचा आहे. त्या नव्या सुरक्षा नंबर प्लेटची मुदत वारंवार पुढे ढकलली गेली. तिची सूचना कशी लावायची? माझा टेम्पो 2016 चा आहे. शिवाय फिटनेसही असतेच.

---

प्रभाकर_नाशिक | 11 जानेवारी, रात्री 9:00

दत्ताभाऊ, नंबर प्लेट एकदाच बसवायची असते. ते नूतनीकरण नव्हे, त्यामुळे या धाग्यात ती बसत नाही. मुदतीकडे न पाहता जवळच्या केंद्राची वेळ घेऊन टाका. फिटनेस मात्र नक्की नोंदीत घ्या. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस लागते. तुमचा टेम्पो आठ वर्षांच्या पुढे गेला आहे, म्हणजे दोन वर्षांची सवय आता चालणार नाही. मुदतीचा टप्पा बदलतो, ही आणखी एक जागा जेथे जुनी सूचना दगा देते.

---

दत्ता_कोल्हापूर | 11 जानेवारी, रात्री 9:20

हे मला माहीत नव्हते. उद्या कागद पाहतो.

---

रेवा_रेडिंग | 12 जानेवारी, पहाटे 2:50

मी इंग्लंडमध्ये राहते आणि पुण्यातल्या आईचा आरोग्य विमा मी पाहते. येथे गाडीच्या वार्षिक तपासणीसाठी सरकारी सेवेत नाव नोंदवले की महिनाभर आधी संदेश येतो, आणि महिनाभर आधी तपासणी करून घेतली तरी पुढची तारीख तीच राहते, दिवस वाया जात नाहीत. भारतात विमा आधी भरला तर ते दिवस बुडतात, असे आई म्हणते आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत मला भरू देत नाही. हे खरे आहे का?

दुसरे असे की पैसे भरताना ओटीपी आईच्या फोनवर जातो. मी येथे रात्री मोकळी होते तेव्हा ती झोपलेली असते. मागच्या वर्षी या खेळात चार दिवस उशीर झाला. तीस दिवसांची सवलत असते म्हणून मी निर्धास्त होते.

---

प्रभाकर_नाशिक | 12 जानेवारी, सकाळी 9:40

रेवाताई, आईंचा समज विम्यापुरता चुकीचा आहे. पॉलिसी संपण्याआधी महिनाभर पैसे भरले तरी नवी पॉलिसी जुनी संपल्यानंतरच्या क्षणी सुरू होते. एक दिवसही बुडत नाही. त्यांचे म्हणणे पीयूसीला मात्र लागू पडते, कारण पीयूसीची मुदत तपासणीच्या दिवसापासून मोजली जाते. बीएस-4 आणि त्यापुढच्या गाड्यांना ती बारा महिन्यांची असते. तीन आठवडे आधी केली तर तीन आठवडे गेले. म्हणून विम्याला तीस दिवस आधीची सूचना आणि पीयूसीला पाच दिवस आधीची, असा फरक ठेवावा. दोन्हींना एकच माप लावले की पीयूसीची सूचना "अजून वेळ आहे" म्हणून पुढे ढकलली जाते आणि राहून जाते.

आता सवलतीचे दिवस. वार्षिक हप्ता असलेल्या आरोग्य विम्याला 30 दिवस मिळतात हे बरोबर. त्यात भरले तर जुन्या आजारांसाठी काढलेली प्रतीक्षेची वर्षे वाया जात नाहीत आणि पॉलिसी अखंड धरली जाते. पण पैसे न भरलेल्या त्या चार दिवसांत आई रुग्णालयात दाखल झाल्या असत्या तर त्या उपचाराचा दावा मिळाला नसता. हप्ते महिन्याचे किंवा तिमाहीचे असतील तर गोष्ट वेगळी, तेथे सवलतीच्या दिवसांतही संरक्षण राहते. आपली पॉलिसी कोणत्या प्रकारची आहे ते पाहा.

---

रेवा_रेडिंग | 12 जानेवारी, दुपारी 1:15

वार्षिक आहे. म्हणजे ते चार दिवस आई विम्याविना होती. वाचून अंगावर काटा आला. आज रात्री तिच्याशी बोलते.

कंपनी बदलण्याचा विचारही चालू होता. त्यासाठी कधी सुरुवात करायची?

---

प्रभाकर_नाशिक | 12 जानेवारी, दुपारी 2:00

त्यासाठी तीस दिवस पुरत नाहीत. मी माझ्या ग्राहकांचा अर्ज मुदतीच्या किमान 45 दिवस आधी पाठवतो, कारण नवी कंपनी जुने दावे मागवते, वय पाहून तपासण्या सांगू शकते आणि नकारही देऊ शकते. नकार आला तर जुनीच पॉलिसी चालू ठेवायला वेळ शिल्लक हवा. तेव्हा आईंच्या नोंदीत दोन तारखा धरा : "बदलायची का, ते ठरवणे" यासाठी 60 दिवस आधी, आणि "पैसे भरणे" यासाठी 30 दिवस आधी. पहिली तारीख हुकली तर त्या वर्षी बदलण्याचा विषय सोडून द्यायचा.

---

तन्मय07 | 12 जानेवारी, रात्री 10:30

दर वर्षी येणाऱ्या नोंदीचा मुद्दा पटला, काढून टाकतो. पण ऑटोपेचे काय? ते तर कागद वाचायची वेळच येऊ देत नाही.

---

प्रभाकर_नाशिक | 13 जानेवारी, सकाळी 8:50

तन्मय, आरोग्य विम्याला ऑटोपे असणे चांगलेच, मी त्याच्या विरोधात नाही. पण ते कोठे अडते ते लक्षात घ्या. परवानगी देताना आपण कमाल रक्कम ठरवलेली असते. वयाचा टप्पा ओलांडला की हप्ता वाढतो आणि नवी रक्कम त्या मर्यादेच्या वर गेली तर पैसे जात नाहीत. डेबिट कार्ड बदलले तरी तेच. बँक रक्कम कापण्याच्या 24 तास आधी सूचना देते, पण पैसे कापले गेले नाहीत याची खबर बऱ्याच जणांना कळत नाही. म्हणून ऑटोपे असेल तेथे सूचना मुदतीच्या आधीची नको, ऑटोपेच्या तारखेनंतर दोन दिवसांची हवी, आणि तिच्यात "नवी पॉलिसी आली का, ते पाहणे" असे लिहावे. ती दोन दिवसांची तारीखही मुदतीच्या आत पडली पाहिजे. ऑटोपे मुदतीच्या शेवटच्या दिवशी लागत असेल तर कंपनीला सांगून ते आठ दिवस अलीकडे घेता येते का, ते विचारा.

गाडीच्या ओन डॅमेजला मात्र मी ऑटोपे सुचवत नाही. त्यात गाडीची विम्यापुरती किंमत दर वर्षी ठरते आणि ती न पाहता पुढे जाऊ देणे योग्य नाही.

---

मीनल_डोंबिवली | 13 जानेवारी, दुपारी 12:20

माझा अनुभव वॉरंटीचा आहे. इन्व्हर्टरची बॅटरी घेतली तेव्हा दुकानदाराने "चौपन्न महिने" सांगितले. कार्डावर लहान अक्षरांत 36 अधिक 18 असे होते. पहिल्या छत्तीस महिन्यांत बिघडली तर बॅटरी फुकट बदलून मिळते. पुढच्या अठरा महिन्यांत नव्या बॅटरीच्या किमतीवर फक्त काही टक्के सूट. माझी बॅटरी एकोणचाळिसाव्या महिन्यात उतरली. खरे सांगायचे तर ती तीस महिन्यांपासूनच कमी वेळ चालत होती. आधी दिवे जाऊन तीन तास झाले तरी पंखा चालायचा, नंतर पाऊण तासात शिट्टी वाजू लागली. मी "जुनी झाली असेल" म्हणत बसले.

त्यात आणखी एक. बिल त्या गुळगुळीत कागदावर होते. फाइलमधून काढले तर पांढरे कोरे. दुकानदार ओळखीचा म्हणून त्याच्या वहीतून नोंद मिळाली, नाहीतर सूटही गेली असती.

तेव्हा वॉरंटीत नूतनीकरण नसते, मग सूचना कशाची लावायची, असा माझा प्रश्न आहे.

---

अनिरुद्ध_सातारा | 13 जानेवारी, सायंकाळी 6:40

मीनलताई, तुमच्या उदाहरणावरून माझी वॉरंटीची ओळ मी आज बदलली. आधी मी "वॉरंटी संपते" एवढेच लिहीत होतो आणि ते वाचून करायचे काहीच नसे. आता "संपण्याआधी तपासून घेणे" असे लिहितो. बॅटरीसाठी छत्तीस महिने धरायचे, चौपन्न नाही, आणि चौतिसाव्या महिन्यात एकदा पूर्ण चार्ज करून, मुख्य स्विच बंद करून, एक पंखा आणि दोन दिवे किती वेळ चालतात ते घड्याळ लावून पाहायचे. पहिल्या वर्षी हीच चाचणी करून वेळ लिहून ठेवला असेल तर तुलना करता येते. आकडा निम्म्यावर आला असेल तर दोन महिने हातात असतात. मग दुकानदाराकडून प्रत्येक कप्प्यातील पाण्याची घनता मोजून घ्यायची. पाच कप्पे सारखे आणि एक मागे असेल तर तक्रार लगेच द्यायची.

बिलाचा फोटो घेतल्याच्या दिवशीच काढायचा आणि त्याच फोटोत बॅटरीवरचा अनुक्रमांक आणि शिक्का मारलेले कार्डही ठेवायचे. तिन्ही एकत्र नसतील तर सेवाकेंद्रात अडवतात.

आता सूचना नजरेत भरण्याबद्दल. कुमुदिनीकाकूंचे वाचून मी फोनमधली नोंद दुरुस्त केली. गूगल कॅलेंडरमध्ये एखाद्या नोंदीची सूचना जास्तीत जास्त चार आठवडे आधी लावता येते, त्यामुळे 21 मार्चला नोंद करून साठ दिवस आधीची हाक मिळवता येत नाही. काम सुरू करण्याच्या दिवशीच वेगळी नोंद करावी लागते. ती पूर्ण दिवसाची केली तर वरच्या पट्टीत सुट्ट्या आणि वाढदिवस यांच्या गर्दीत मिसळते. म्हणून वेळ घालून करतो.

माझ्या थर्ड पार्टीच्या तीन नोंदी आज केल्या. पहिली 19 फेब्रुवारीला सकाळी साडेदहाला. तीस दिवस मागे मोजले तर शिवजयंतीची सुट्टी आली, मी घरी असेन. दुसरी रविवारी, 8 मार्चला. तिसरी 15 मार्चला, आणि ती माझ्या फोनवर नाही, सौभाग्यवतींच्या फोनवर. मी पहिल्या दोन बाजूला सारल्या तर तिसरी माणसाकडून येईल. मजकूर असा : "गाडी, थर्ड पार्टी 21 मार्चला संपते. जुनी पॉलिसी निळ्या फाइलमध्ये. कागद आल्यावर शीटमध्ये दुवा." कामाच्या दिवशी दुपारी आलेली सूचना मी आजवर एकदाही पाळलेली नाही, म्हणून यापुढे वेळ सुट्टीच्या सकाळचीच.

---

कुमुदिनी | 13 जानेवारी, रात्री 8:05

अनिरुद्ध, सौभाग्यवतींना 15 तारखेला काय करायचे ते आधी सांगून ठेवा. नुसता फोन वाजला तर त्या तुम्हाला "तुमचे काहीतरी वाजले" एवढेच सांगतील. आमच्याकडे ह्यांच्या आजारपणात हेच झाले होते. लिहिलेले सगळे होते, पण पासबुक कोठे आणि पैसे कोणत्या खात्यातून भरायचे, हे फक्त त्यांना ठाऊक होते.

---

अनिरुद्ध_सातारा | 13 जानेवारी, रात्री 8:30

काकू, हे अगदी खरे आहे. या रविवारी तिला शेजारी बसवून एकदा स्कूटरची पीयूसी तिच्याच हातून करवून घेतो आणि शीटमध्ये दुवाही तिलाच भरायला सांगतो.

---

रेवा_रेडिंग | 14 जानेवारी, पहाटे 3:10

आईशी बोलणे झाले. ओटीपीसाठी आता असे ठरले की भारतातल्या रविवारी सकाळी साडेअकराला मी येथे पहाटे उठून भरायचे. आठवडाभर रोज रात्री प्रयत्न करण्यापेक्षा ते सोपे आहे. मावशीच्या फोनवरही त्या दिवसाची नोंद केली आहे, ती खालच्याच मजल्यावर राहते आणि आईला फोन जवळ ठेवायची आठवण करील. आईच्या पॉलिसीवरचा मोबाइल क्रमांक पाहिला तर तो एजंटचा निघाला. तो बदलता येतो का?

---

प्रभाकर_नाशिक | 14 जानेवारी, सकाळी 10:00

बदलता येतो, आणि तो ताबडतोब बदला. कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा शाखेत अर्ज दिला की दुरुस्तीचे पत्र मिळते. ते पॉलिसीला जोडून ठेवा. आमच्या व्यवसायातले काही जण ग्राहक दुसरीकडे जाऊ नये म्हणून स्वतःचा क्रमांक टाकतात, हे मला लिहिताना वाईट वाटते, पण ते होते. धागा वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या पॉलिसीच्या पहिल्या पानावरचा क्रमांक आणि ईमेल आज एकदा वाचून घ्यावा.

---

अनिरुद्ध_सातारा | 14 जानेवारी, सकाळी 10:35

एक प्रश्न राहिला. 22 मार्चपासून मी फक्त थर्ड पार्टी एका वर्षाचा घ्यावा आणि ओन डॅमेज एप्रिलमध्ये वेगळा चालू ठेवावा, की 22 मार्चलाच दोन्ही मिळून एकच पॉलिसी घ्यावी म्हणजे तारखा पुन्हा जुळतील?

---

प्रभाकर_नाशिक | 14 जानेवारी, दुपारी 12:15

दोन्ही मार्ग आहेत. एकत्र पॉलिसी घेतली तर सध्याच्या ओन डॅमेजचे शेवटचे एकवीस दिवस दोन ठिकाणी भरल्यासारखे होतात. ते रद्द करून पैसे परत मिळतात का, हे कंपनीला लेखी विचारावे लागेल. वेगळे ठेवले तर पैसे वाया जात नाहीत, पण दोन तारखा कायम राहतात. आणि स्वतंत्र ओन डॅमेजसाठी थर्ड पार्टी चालू असल्याचा पुरावा लागतो, म्हणून मार्चचे काम आधी झालेच पाहिजे. माझा कल तारखा जुळवण्याकडे आहे. एकवीस दिवसांचा हप्ता फार मोठा नसतो.

---

तन्मय07 | 14 जानेवारी, दुपारी 1:00

मला पटत नाही. शीटमध्ये प्रत्येक मुदतीची वेगळी ओळ असेल तर दोन तारखा असल्याने काय बिघडते? पैसे का सोडायचे?

---

अनिरुद्ध_सातारा | 14 जानेवारी, दुपारी 1:40

कंपनीला आज ईमेल केला आहे. उत्तर आले की येथे लिहितो. 19 फेब्रुवारीपर्यंत आले नाही तर मी वेगळा थर्ड पार्टी घेऊन मोकळा होणार आहे.